बरोबरच्या खुणेशेजारी तारीख

„जर्मनचा बी-१ चा कोर्स संपला. पण मी खरंच बी-१ ला पोचलेय का, हे माझं मला कसं कळणार?“

कोर्सचं नाव बाजूला ठेवा आणि ‘मला हे करता येतं’ अशा वाक्यांची यादी घेऊन बसा. मी पुण्यात जर्मन शिकवते आणि माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत ही यादी पहिल्याच आठवड्यात चिकटवते.

युरोप परिषदेने २००१ साली भाषांसाठी जी समान चौकट प्रसिद्ध केली, तिच्यात ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत. शिकणाऱ्याला त्या भाषेत काय करता येतं, यावरून त्याची पायरी ठरते. किती धडे झाले याला तिथे जागाच नाही. त्यातली बरीचशी वाक्यं १९९० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये तावून सुलाखून घेतलेली आहेत. तिथल्या शिक्षकांनी ती आपल्या वर्गातल्या खऱ्या विद्यार्थ्यांना लावून पाहिली, आणि ज्यांचा अर्थ प्रत्येकाने वेगळा लावला ती वाक्यं गळली. म्हणून या वाक्यांमधला शब्दन् शब्द मोलाचा आहे, आणि नेमका तिथेच आपला निष्काळजीपणा होतो.

मी वापरते ती पद्धत युरोपियन भाषा पोर्टफोलिओच्या स्विस आवृत्तीतली आहे. प्रत्येक वाक्यापुढे तीन रकाने असतात: पहिला आपला, दुसरा शिक्षकाचा किंवा आपलं बोलणं ऐकणाऱ्या कुणाचा, आणि तिसरा उद्दिष्टाचा. नेहमीच्या परिस्थितीत जमत असेल तर एक खूण, सहज आणि चांगलं जमत असेल तर दोन. तिसऱ्या रकान्यात उद्गारचिन्ह, म्हणजे हे मला शिकायचंय. एखाद्या पायरीच्या ८० टक्क्यांहून जास्त वाक्यांना खुणा झाल्या की ती पायरी बहुधा गाठली असं धरतात. मी यात एका गोष्टीची भर घातली आहे. खुणेशेजारी तारीख लिहायची, आणि ते काम कुणाशी बोलताना, कशाबद्दल, कितव्या प्रयत्नात जमलं ते एका ओळीत लिहायचं. ती ओळ सुचत नसेल तर खूण खोडायची.

गेल्या वर्षीचं उदाहरण सांगते. साताऱ्याकडची एक नर्स माझ्याकडे शिकत होती. तिने बी-१ च्या ‘संवाद’ या भागात जवळजवळ सगळीकडे खुणा केल्या होत्या. त्यातलं एक वाक्य असं: ‘मला तपशीलवार रस्ता विचारता येतो आणि सांगितलेलं समजून त्याप्रमाणे जाता येतं.’ शेजारी तिने लिहिलं होतं, ‘वर्गात केलं.’ खरं होतं ते. वर्गात मी हळू बोलले होते आणि पुस्तकातला नकाशा तिच्यासमोर होता.

मी तिला कोरा कागद दिला आणि नेहमीच्या वेगात जर्मनमध्ये सांगितलं: गोल चौकात दुसऱ्या रस्त्याने बाहेर पड, औषधांच्या दुकानावरून पुढे जा, आणि उंटरफ्युरुंग ओलांडलीस की लगेच डावीकडे. तिने चौक काढला, दुकान काढलं, आणि पेन्सिल थांबली. उंटरफ्युरुंग म्हणजे रुळांखालून किंवा मोठ्या रस्त्याखालून जाणारा भुयारी रस्ता. हा शब्द तिला माहीत नव्हता, आणि त्यात वावगं काहीच नाही. बी-१ च्या माणसाला शब्द अडतातच. पण ती गप्प राहिली. मग अंदाजाने डावीकडे एक रेघ ओढली आणि म्हणाली, „झालं, मॅडम.“

खूण खोडायची वेळ आली ती या गप्प राहण्यामुळे. वाक्यात ‘विचारता येतो’ हेही आहे, आणि अडलं की समोरच्याला थांबवून विचारणं हे त्या विचारण्यात येतं. आम्ही तीन आठवडे फक्त एवढंच केलं. मी सांगताना मुद्दाम एक अनोळखी शब्द घालायचे, आणि तिने मला मध्येच अडवायचं. मोठ्या माणसाला बोलता बोलता तोडणं तिला जड जात होतं, म्हणून अडवायची तीन वाक्यं तोंडपाठ करून घेतली. चौथ्या आठवड्यात दुसऱ्या एका शिक्षिकेने तिला फोनवर रस्ता सांगितला. ही दोनदा म्हणाली, „माफ करा, हे म्हणजे काय?“ आणि नकाशा बरोबर काढला. ती खूण मी स्वतः दुसऱ्या रकान्यात केली.

तुमची यादी वाचताना प्रत्येक वाक्यातली अट शोधा. ऐकण्याच्या बी-१ च्या वाक्यात ‘स्पष्ट, प्रमाण भाषेत, ओळखीच्या विषयांवर’ असं आहे. रेडिओ-टीव्हीवरच्या कार्यक्रमांबद्दल तर ‘बोलणं काहीसं संथ आणि स्पष्ट असेल तर’ असंही आहे. त्यामुळे बव्हेरियातल्या आजोबांची बोली कळली नाही म्हणून बी-१ ची खूण पुसू नका. उलट, बोलण्याच्या वाक्यात ‘पूर्वतयारीशिवाय संभाषणात भाग घेता येतो’ असं म्हटलंय. पाठ केलेल्या स्वपरिचयावर ती खूण होत नाही. माणसं इथे दोन्हीकडे चुकतात. हुशार पण संकोची मुलं सोप्या वाक्यावरही खूण करत नाहीत, आणि व्याकरणात पक्की मुलं सगळ्यांवर करतात, कारण त्यांना वाक्य बनवता येतं. चार सेकंदांत बनवता येतं का, हे त्यांनी तपासलेलं नसतं.

आणखी एक. ऐकणं, वाचणं, संवाद, सलग बोलणं आणि लिहिणं यांच्या खुणा वेगवेगळ्या मोजा. सरासरी काढू नका. आपल्याकडे वाचन बी-१ आणि संवाद ए-२ अशी जोडी मला सारखी दिसते, कारण वर्गाबाहेर जर्मन बोलायला कुणी नसतं. ‘मी साधारण बी-१’ म्हटलं की ही दरी झाकली जाते आणि माणूस पुन्हा व्याकरणाचंच पुस्तक उघडून बसतो.

बी-१ वर महिनोन्महिने नवी खूण होत नाही, तेव्हा पायरीच मोठी आहे हे लक्षात घ्या. एका मोठ्या वाक्याची तीनचार छोटी वाक्यं करा: ‘ड्युटीची वेळ बदलून मागता येते’, ‘का बदलून हवी ते सांगता येतं’, ‘नाही म्हटलं तर दुसरा पर्याय सुचवता येतो’. पायऱ्यांचे असे पोटभाग करायला चौकटीतच मुभा आहे.

या यादीने परीक्षेचा निकाल मात्र कळत नाही. गोएथे संस्थेच्या बी-१ परीक्षेत वाचन, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं अशा चारही भागांत प्रत्येकी १०० पैकी ६० गुण लागतात, आणि तिथे घड्याळ असतं, ठरावीक नमुन्याचे प्रश्न असतात. त्यांचा सराव वेगळा करावा लागतो. शिवाय यादीत देअर-दी-दास कुठेही नाही, त्या चुका वेगळ्या वहीत मोजा.

त्या नर्सच्या बी-१ च्या पानावर एकच वाक्य शेवटपर्यंत रिकामं होतं: ‘मला नम्रपणे असहमती दाखवता येते.’ ते माझ्यासमोर तपासण्यात अर्थ नव्हता, मी काहीही म्हटलं तरी ती „हो मॅडम“च म्हणाली असती. म्हणून तिला तिच्याच वयाच्या वर्गमैत्रिणीबरोबर बसवलं, सहल कुठे न्यायची हे दोघींना ठरवायला दिलं, आणि मी दाराबाहेर जाऊन ऐकत उभी राहिले. अकराव्या मिनिटाला आतून आवाज आला, „तुझं पटतंय, पण पावसात कोकण नको.“ जर्मनमध्ये. मी आत जाऊन तारीख लिहिली.