ब्लाउजची कड आणि एक पट्टी

मंगळवार, रात्री

अमळनेरकडच्या एका बाई या महिन्याअखेर शाळेतून निवृत्त होतायत. सत्काराला लावायला बारा बाय अठराची फ्रेम हवी म्हणून गेल्या आठवड्यात स्टुडिओत येऊन फोटो काढून गेल्या. मरून ब्लाउज, त्याला सोनेरी पायपिंग, अंगावर हिरवी पैठणी. आज लेकीला घेऊन फोटो बघायला आल्या. स्क्रीनवर फोटो मोठा झाला आणि त्यांचा हात आपसूक डाव्या खांद्याकडे गेला. पायपिंगला लागून ब्राची फिकट पट्टी दिसत होती, जेमतेम बोटभर. अगदी हळू म्हणाल्या, "हाई पट्टी दखास व माय, काढी टाक." काउंटरवर दोन पुरुष गिऱ्हाइकं उभी होती. मी आधी फोटो लहान केला आणि मग होकार दिला. अशा वेळी मोठ्याने बोलायचं नाही, हे या कामात मला फार महत्त्वाचं वाटतं.

पट्टी काढायची म्हटलं की बहुतेक जण त्वचेचा रंग उचलून तिच्यावर फिरवतात. पण पट्टी नुसती त्वचेवर ठेवलेली नसते, ती खांद्यात रुतलेली असते. दोन्ही बाजूंना मांस जरा वर आलेलं असतं आणि कडेला बारीक सावली असते. वरचा रंग झाकला तरी खाच राहते, आणि बघणाऱ्याला तिथे काहीतरी होतं हे कळतंच. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. घामाने खांदा चकाकतो, मानेजवळ उजेड आणि दंडाकडे अंधार, असा उतार पडतो. भलत्या जागेची त्वचा उचलली की डाग उठून दिसतो.

म्हणून ब्लाउज साधा असेल तर मी पट्टी पुसत नाही, ब्लाउजच मानेच्या बाजूला वाढवते. आजही तेच केलं. Photoshop मध्ये Lasso ने पायपिंगसकट ब्लाउजच्या कडेचा तुकडा निवडला. तो इतका रुंद घेतला की सरकवल्यावर पट्टी आणि जुनी पायपिंग दोन्ही त्याखाली जातील. Ctrl+J करून तो वेगळ्या लेयरवर घेतला, पट्टीच्या रुंदीइतका मानेकडे सरकवला आणि Ctrl+T मधल्या Warp ने खांद्याच्या वळणाला बसवला. दोन्ही टोकं मास्कवर मऊ ब्रशने विरवली. पायपिंगचा पीळ जोडावर तुटू नये म्हणून तेवढी जागा खूप मोठी करून जुळवली. सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला.

मानेच्या बाजूची खाच थोडी उरली होती. त्यासाठी वर कोरा लेयर घेऊन Healing Brush, आणि Sample मध्ये Current & Below. हा ब्रश आजूबाजूचा रंग ओढून मिसळतो, त्यामुळे गडद कापडाजवळ नेला की त्वचेत मरून झाक उतरते. कडेपाशी आधी त्वचेचं सिलेक्शन करून घेतलं आणि अगदी टोकाला Clone Stamp वापरला, जवळचीच, त्याच उजेडातली त्वचा घेऊन. नव्या पायपिंगखाली सावलीची बारीक रेघही द्यावी लागली, नाहीतर कापड खांद्यावर टेकल्यासारखं वाटेना. शेवटी खाचेच्या लेयरची Opacity सत्तरच्या आसपास आणली. साठीला आलेल्या बाईचा खांदा प्लास्टिकसारखा गुळगुळीत दिसला तर तो त्यांचा वाटणार नाही.

मग फोटो आडवा उलटा करून पाहिला. डोळा सरावलेला असतो, उलट्या फोटोत चूक पटकन सापडते. उजव्या खांद्याशी ताडून ब्लाउजचा गळा दोन्हीकडे सारखा वाटतो का, तेही पाहिलं. एका बाजूला जास्त सरकवलं की गळा वाकडा दिसतो. बोटभर पट्टीला हे चालतं, दोन बोटांच्या पट्टीला नाही.

पदराच्या काठाला एक सुटा दोराही लोंबत होता. तो Spot Healing ने लगेच गेला. ब्रश दोऱ्याहून किंचित जाड ठेवला आणि काठाची वीण जिथे बदलते तिथे फटकारा तोडला. मागच्या गळ्यातून लेबल डोकावतं, तेही बहुतेक एवढ्यातच निघतं.

अवघड पडतं ते नेटचं ब्लाउज. जाळीखालून पट्टी दिसत असेल तर जाळीचं प्रत्येक घर नव्याने भरावं लागतं आणि तरी नीट जमत नाही. तिथे मी सरळ परत बसायला सांगते, पैसे न घेता. खरं तर शिंपीणबाईला ब्लाउजच्या खांद्यात आतून टिचबटणाचा छोटा लूप लावायला सांगितलं की पट्टी हलत नाही. नाहीतर आतून एक सेफ्टी पिन. आज संध्याकाळीच कपडे बदलायच्या खोलीत आरशाजवळ पिनांची डबी ठेवली, आणि कॅमेऱ्यासमोर बसायच्या आधी खांदे बघायचं काम लेडीज गिऱ्हाइकांपुरतं माझ्याकडे घेतलं.