पेल्यातला मोडका चमचा

मे महिन्यातली दुपार होती. डिचोलीच्या आमच्या घरी आजीने सर्वांसाठी साखर-मिठाचे पाणी केले होते, आणि चौथीची परीक्षा देऊन सुट्टीला आलेला माझा भाचा ते पिण्याऐवजी हनुवटी टेबलाला टेकवून पेल्याकडे टक लावून बसला होता. एरवी आमच्याकडे पाणी स्टीलच्या पेल्यातून पितात आणि त्यात कोणालाच काही दिसत नाही. त्या दिवशी मात्र पाहुण्यांसाठी ठेवलेले काचेचे पेले बाहेर निघाले होते. ढवळून तसाच ठेवलेला चमचा पाण्याच्या रेषेवर सरळ तुटलेला दिसत होता. वरचा दांडा एका जागी आणि खालचा तुकडा त्याच्या उजवीकडे सरकलेला, शिवाय थोडा जाडही. त्याने चमचा बाहेर काढला, बोटाने चाचपला, पुन्हा आत ठेवला. मग बोटच आत घातले. तेही तुटले आणि फुगले.

मी उच्च माध्यमिकच्या मुलांना पंचवीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले असल्यामुळे उत्तर माझ्या जिभेवर तयारच होते. प्रकाश पाण्यातून हवेत येताना वळतो, त्याला अपवर्तन म्हणतात, आणि म्हणून पाण्यातली वस्तू जिथे असते त्यापेक्षा वर उचललेली दिसते, असे मी त्याला सांगितले. फळ्यावर काढायचो तीच आकृती वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर काढूनही दाखवली. त्याने ती नीट पाहिली आणि म्हणाला, "पण मामा, तू डोळा पाण्याच्या वर काढला आहेस. मी तर बाजूने बघतोय. आणि माझा चमचा वर नाही गेला, उजवीकडे गेला."

हे खरे होते, आणि इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला हे विचारले नव्हते. अर्थात मीही स्वतःला विचारले नव्हते.

चमचा जाड आणि वाकडा, त्याने नेमके काही कळेना, म्हणून त्याने हिराच्या केरसुणीची एक सरळ काडी मोडून आणली. रिकाम्या पेल्यात ती धरली तेव्हा ती अखंड दिसली, म्हणजे काचेचा दोष नव्हता. पाणी भरल्यावर काडी उजवीकडे धरली की खालचा भाग आणखी उजवीकडे जाई, डावीकडे धरली की आणखी डावीकडे, आणि मध्ये कुठेतरी अशी एक जागा येई की तिथे काडी मुळीच तुटत नसे; फक्त पाण्याखाली ती जाड दिसे. "इथे मोडत नाही," असे तो ओरडला आणि ती जागा मला दाखवण्यासाठी टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आला, तर तिथून काडी पुन्हा तुटलेली. काडी त्याच्या डोळ्यासमोरच्या मधल्या रेषेवर होती, पण पेल्याच्या मध्यावर नव्हती, पलीकडच्या काचेजवळ होती. पुढची पंधरा मिनिटे तो काडी तसूभर सरकवायचा आणि टेबलाभोवती फेरी मारायचा, आणि शेवटी त्याला तो एकच बिंदू सापडला जिथे उभी धरलेली काडी कुठल्याही बाजूने पाहिली तरी अखंड राहते. तो अर्थातच गोल पेल्याचा आस होता.

तोवर माझ्याही डोक्यात उजेड पडला होता. गोल पेला पाण्याने भरला की तो पेला राहत नाही, उभे भिंग होतो. मध्यबिंदूपासून निघालेला प्रत्येक आडवा किरण काचेला काटकोनात भेटतो आणि काटकोनात भेटलेला किरण वळत नाही, म्हणून आसावरची काडी आपली जागा सोडत नाही. बाजूच्या काडीपासून आपल्या डोळ्याकडे येणारे किरण मात्र वक्र भिंतीला तिरके भेटतात आणि हवेत येताना आणखी तिरके होतात. डोळा त्यांना सरळ मागे ताणतो आणि काडी मध्यापासून लांब मानतो. पाण्याची पातळी जिथे संपते तिथे भिंगही संपते, म्हणून नेमकी तिथेच मोड दिसते. काच इतकी पातळ असते आणि तिच्या दोन्ही बाजू इतक्या समांतर की या व्यवहारात तिचा वाटा नगण्य असतो.

मग आम्ही मोजायला बसलो. पेला आतून 6 सेंटिमीटर रुंद होता. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे 1.33, म्हणजे चार तृतीयांश. काडी पेल्याच्या बरोबर मधल्या पट्ट्यात, पण मध्यापासून 1 सेंटिमीटर उजवीकडे धरली, तर हातभर अंतरावरून ती सव्वा सेंटिमीटरपेक्षा किंचित जास्त लांब दिसायला हवी, म्हणजे सुमारे 3 मिलिमीटर सरकलेली. तेवढीच काडी पलीकडच्या काचेला टेकवली तर हिशेबाप्रमाणे अंतर जवळजवळ दुप्पट दिसते आणि काडीही दुप्पट जाड. आपल्या बाजूच्या काचेला टेकवली तर काहीच होत नाही. एक डोळा मिटून, पट्टी पेल्याच्या पुढे आडवी धरून, त्याने हे तिन्ही पाहिले. आकडे मिलिमीटरपर्यंत जुळले असे मी म्हणणार नाही, कारण तो पट्टी सारखी हलवत होता; पण पुढे काही नाही, मध्ये थोडे, मागे पुष्कळ, हा क्रम एकदाही चुकला नाही.

आजीच्या खोबरेल तेलाची बाटलीही या कामी आली. तेलाचा अपवर्तनांक सुमारे 1.45, म्हणून काडी तेलात पाण्यापेक्षा अधिक सरकते. पाण्यावर दोन बोटे तेल ओतल्यावर ते वर तरंगले आणि काडीचे तीन तुकडे झाले. मधला सर्वांत बाहेर. तेल कोणी वाया घालवले याची चौकशी संध्याकाळपर्यंत चालू होती.

मात्र माझी फळ्यावरची आकृती खोटी नव्हती, ती दुसऱ्या मोडीची होती. देवळाच्या तळीत उतरताना पाण्याखालची पायरी जवळ वाटते आणि पाऊल अपेक्षेपेक्षा खोल जाते, ते तिच्यामुळे. सरळ वरून पाहिले तर चार हात पाणी तीन हात दिसते आणि तिरके पाहिले तर त्याहूनही उथळ. मानशीवर, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर, मासे मारणारे लोक दिसणाऱ्या माशाच्या खाली नेम धरतात, हे भाच्याने स्वतः पाहिले होते. फक्त ते चमच्याशी जोडले नव्हते.

ते जोडले गेले तेही त्याच्याच हातून. स्वच्छ धुतलेल्या पेल्यात ताजे पाणी भरून त्याने चमचा पुन्हा ठेवला आणि हनुवटी टेबलावरून हळूहळू वर उचलली. डोळा पाण्याच्या पातळीच्या थोडा वर गेल्यावर त्याला एकाच चमच्याच्या दोन वाट्या दिसू लागल्या: एक भिंतीतून दिसणारी, बाजूला सरकलेली आणि रुंद, दुसरी पाण्याच्या पृष्ठभागातून दिसणारी, वर उचललेली आणि आखूड. "ही तुझी," वरची दाखवत तो मला म्हणाला, "आणि ही माझी."

इतक्यात कढी ढवळायला चमचा हवा म्हणून आजी आतून आली. "कुठला देऊ?" त्याने विचारले. तिने उत्तर दिले नाही. पाण्याबाहेरचा दांडा धरून चमचा उचलला, पदराला पुसला आणि ती आत गेली.