बर्लिनमध्ये आल्या आल्या आधी टपालपेटीवर नाव लावा

जॉब व्हिसावर बर्लिनला उतरलो तेव्हा डोक्यात एकच होतं, पहिला पगार यायच्या आत बँक अकाउंट पाहिजे. पण इथे सगळ्याचं मूळ आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असा कायदा, आणि ब्युर्गरआम्टची, म्हणजे नागरिकांची कामं करणाऱ्या सरकारी ऑफिसची, अपॉइंटमेंट त्या मुदतीत मिळेलच असं नाही. शहरातलं कुठलंही ब्युर्गरआम्ट चालतं, त्यामुळे आपल्या भागाचा हट्ट सोडायचा आणि सकाळी लवकर साईट रिफ्रेश करत बसायचं, कोणी कॅन्सल केलेले स्लॉट तेव्हा दिसतात. मला घरापासून बरंच लांब, श्पांडाउला मिळाला, गेलो.

सोबत पासपोर्ट, फॉर्म आणि घरमालकाने सही केलेला कागद, की हा माणूस अमुक तारखेला इथे राहायला आला. हा कागद नसेल तर नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही, म्हणून घर बघतानाच मालकाला विचारायचं की नोंदणी करू देणार का. काही जण स्वस्तात खोली देतात आणि यालाच नाही म्हणतात, ती खोली सोडून द्या.

फॉर्ममध्ये धर्माचा एक रकाना असतो. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की चर्च टॅक्स लागू, बर्लिनमध्ये इन्कम टॅक्सच्या ९ टक्के. आपल्याला तो लागत नाही, रिकामा ठेवला. काउंटरवरच्या बाईंनी टाइप केलं, शिक्का मारला, कागद हातात. दहा मिनिटांचं काम हो!

खरी गंमत पुढे. ११ आकडी टॅक्स आयडी नोंदणीनंतर आपोआप पोस्टाने येतो, फोन किंवा मेलवर सांगतच नाहीत. आणि इथला पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही (बहुतेक बिल्डिंगना तो नसतोच), पेटीवरचं आडनाव बघतो. नाव नसेल तर पत्र परत. आमच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं, मी त्याखाली माझं आडनाव प्रिंट करून सेलोटेपने चिकटवलं. ऑफिसातल्या एका नागपूरच्या मुलाने हे केलं नव्हतं, त्याचा आयडी पोचलाच नाही आणि एचआरने त्याचा पगार टॅक्स क्लास ६ ने काढला, म्हणजे सगळ्यात जास्त कपात. नंतर हिशेब नीट होतो, पण त्या महिन्याचं भाडं त्याने उसने घेऊन भरलं.

बँकेत पासपोर्ट आणि नोंदणीचा कागद दिला, टॅक्स आयडी नंतर द्या म्हणाले. मग कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्या पाकिटात, वेगवेगळ्या दिवशी, तेही पोस्टानेच. आयबॅन, म्हणजे अकाउंट नंबर, मात्र लगेच मिळाला आणि पगार जमा करायला एचआरला तेवढंच हवं होतं. आणि हो, नोंदणी झाली की महिना १८.३६ युरोच्या रेडिओ-टीव्ही वर्गणीचं पत्रही येतं, घरात टीव्ही असो नसो. ती दर घरामागे एकच असते, तेव्हा फ्लॅटमेट आधीच भरत असेल तर त्याचा वर्गणी नंबर कळवून मोकळं व्हायचं.