लाल दिवा लागला, गाडी चालवत आणू का?

"भाऊ, फोटो पाठवलाय. मीटरमध्ये लाल दिवा लागलाय, थर्मामीटर पाण्यात उभा असल्यासारखा. गॅरेजपर्यंत चालवत आणू का?"

नाही. बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. हेच चित्र निळं असेल तर काळजी नको, इंजिन अजून गार आहे एवढंच. लाल म्हणजे इंजिन प्रमाणाबाहेर तापलंय. अशात थोडं अंतर चालवलं तरी हेड वाकतं, गॅस्केट जातं, आणि पाइपापुरतं काम इंजिन उघडण्यावर येतं.

मे महिन्यात हे फोटो जास्त येतात. चाळीसगावकडून कन्नड घाट चढताना भरलेली गाडी, एसी चालू, पुढे ट्रक. एका कुटुंबाच्या गाडीचा तापमानाचा काटा असाच वर गेला आणि थोड्या वेळाने आपोआप खाली आला. त्यांना वाटलं, गाडी गार झाली. खरं तर पाइप फाटून इंजिन गार ठेवणारं कूलंट वाहून गेलं होतं. सेन्सर कूलंटचं तापमान मोजतो. तो कोरडा पडला की काटा खोटं सांगू शकतो. म्हणून काटा अचानक पडला आणि हीटर लावल्यावर गार हवा आली, तर कूलंट संपलं असं समजा आणि तिथेच थांबा.

थांबल्यावर बॉनेटखालून वाफ येत असेल तर ती बंद होईपर्यंत बॉनेट उघडू नका. रेडिएटरचं झाकण तर अजिबात नाही. आत दाब असल्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल होताच ते उकळून तोंडावर येतं. पंख्यापासूनही हात लांब ठेवा, काही गाड्यांत तो इंजिन बंद असतानाही फिरायला लागतो.

किमान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. आपल्याकडच्या उन्हात जास्तच लागतो. मग पांढरट टाकीत कूलंट खालच्या खुणेच्या वर आहे का ते बघा. कमी असेल आणि पाइप गार लागत असेल, तर झाकणावर जाड फडका ठेवून हळूहळू सोडा आणि पिण्याचं पाणी थोडंथोडं घाला. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर त्याला तडा जाऊ शकतो. बोअरचं पाणी अगदीच नाइलाज असेल तरच, क्षार आत बसतात.

घातलेलं पाणी खाली गळत नसेल, बेल्ट जागेवर असेल आणि दिवा विझला असेल, तरच एसी बंद ठेवून, सावकाश, काट्यावर नजर ठेवत जवळच्या गॅरेजला या. दिवा पुन्हा लागला, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर दिसला, तर टोइंगच बोलवा.

आणि मला फोटो पाठवताना मीटरसोबत टाकीचा आणि गाडीखालच्या जमिनीचाही पाठवा. ओल कुठे पडली आहे, त्यावरून पुष्कळ कळतं.