केओएच स्लाईडवर बुरशीचे धागे ओळखायला शिकले तो अनुभव

स्किन ओपीडीच्या साईडलॅबला पोस्टिंग होती तेव्हा पावसाळ्यात सगळ्यात जास्त येणारी टेस्ट म्हणजे केओएच. गजकर्ण किंवा नायटा वाटतोय अशा चट्ट्यावरचा कोंडा खरवडायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साईडचा थेंब टाकायचा आणि मायक्रोस्कोपखाली बुरशी दिसते का बघायचं. स्लाईड बनवणं हाताला लवकर बसतं, पण समोर दिसतेय ती रेघ बुरशीचीच आहे हे खात्रीने म्हणता येणं ही वेगळी गोष्ट, आणि मला ते ज्या पेशंटमुळे नीट कळलं त्या काकूंबद्दलच लिहितेय.

काकूंच्या कमरेला, परकराची नाडी बांधतात तिथेच चट्टा. घाम, घट्ट नाडी, ओलसर कपडे, त्यामुळे त्या जागी गजकर्ण नेहमीचंच. पण यांचा चट्टा गजकर्णासारखा दिसतच नव्हता. गोल नाही, लालभडक कड नाही, नुसता पसरट तपकिरी डाग आणि मध्ये मध्ये बारीक फोड. विचारल्यावर म्हणाल्या, "मेडिकलवाल्याने ट्यूब दिली ना ताई, लावली की दोन दिवस बरं वाटतं, सोडली की परत खाज." ट्यूब बघितली तर क्लोबेटासॉल, म्हणजे जोरदार स्टेरॉईड, सोबत बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, सगळं एकाच मलमात. स्टेरॉईडने लाली आणि खाज दबते, बुरशी मात्र आत पसरत राहते आणि चट्ट्याचं रूपच बदलून जातं, म्हणून अशा वेळी डोळ्यांवर न जाता केओएच करायचाच असं आमच्या मॅडमचं ठाम म्हणणं होतं.

आता प्रश्न सॅम्पल कुठून घ्यायचं. जिवंत वाढणारी बुरशी चट्ट्याच्या कडेला असते, मधला भाग बरा होत आलेला असतो, तिथून खरवडलं तर बऱ्याचदा हाती काहीच लागत नाही. काकूंना कडच दिसत नव्हती. मॅडमनी टॉर्च कातडीला जवळजवळ आडवा धरायला सांगितला, तसं केल्यावर पोटाच्या बाजूला एक बारीक उंचवटा आणि त्यावर पांढरा भुसा दिसला, तीच कड. ती जागा स्पिरिटने दोनदा पुसली आणि पूर्ण वाळू दिली, कारण मलमाचा तेलकटपणा राहिला तर त्याचे गोल थेंब स्लाईडवर यीस्टसारखे दिसतात आणि माणूस फसतो. मग कातडी ताणून धरून १५ नंबरच्या ब्लेडने हलक्या हाताने, रक्त न काढता, कडेवरून बाहेरच्या दिशेने खरवडलं. कोंडा पातळ आणि भरपूर हवा, जाड पापुद्रा घेतला तर तो लवकर विरघळत नाही आणि स्लाईडवर नुसता काळा ढीग दिसतो.

कातडीसाठी आम्ही १० टक्के केओएच वापरायचो, म्हणजे १०० मिली द्रावणात १० ग्रॅम, तळवे-तळपायाच्या जाड कातडीला २० टक्के, नखाला त्याहून जास्त आणि नखाला वेळही खूप लागतो. केओएच कातडीच्या पेशींमधलं केराटिन विरघळवतो, पेशी फुगून पारदर्शक होतात, पण बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं, ते त्याला दाद देत नाही, म्हणून कातडी पुसट होत जाते आणि धागे मागे उठून दिसतात, सगळी गंमत एवढ्यावरच उभी आहे. एक थेंब टाकला, कव्हरस्लिप ठेवली, स्पिरिट लॅम्पच्या ज्योतीवरून स्लाईड दोन-तीनदा नुसती फिरवली. उकळू द्यायचं नाही, बुडबुडे येतात आणि केओएचचे स्फटिक तयार होऊन बारीक काड्यांचा पसारा होतो. नंतर पेट्री डिशमध्ये ओल्या फिल्टर पेपरवर ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबले, म्हणजे कडा सुकत नाहीत. बाहेर आलेलं जास्तीचं केओएच टिपून घ्यायचंच, लेन्सला लागलं तर लेन्स खराब होते.

बघताना सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उजेड कमी करणं. आपल्याकडे रंगवलेल्या स्लाईड बघायची सवय असते, त्यात भरपूर लाईट लागतो, पण केओएचमध्ये काहीच रंगवलेलं नसतं, झगझगीत उजेडात पारदर्शक धागा दिसतच नाही. कंडेन्सर खाली घेतला, डायफ्राम बराचसा बंद केला आणि १० एक्सवर पूर्ण कव्हरस्लिप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाळत गेले. पहिल्या फील्डमध्येच जाळं दिसलं. सगळीकडे रेषा, एकमेकींना जोडलेल्या, अगदी बुरशीचं जाळं वाटावं अशा. मॅडम शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "४० एक्स लाव आणि एकच रेघ धरून तिच्या मागे जा, ती कुठून जातेय ते सांग."

रेघ पेशीच्या कडेकडेने चालली होती. पेशी संपली की वळायची, पुढच्या पेशीची कड धरायची, कुठे जाड, कुठे बारीक, कुठे मध्येच तुटून ठिपके. ही बुरशी नव्हेच, पेशींच्या सीमेवर साचलेले स्निग्ध पदार्थ असतात ते, त्याला मोझेक फंगस म्हणतात आणि नावात फंगस असलं तरी फंगस नाही. नवीन माणसाचे खोटे पॉझिटिव्ह रिपोर्ट बरेचसे यातूनच येतात.

पुढे सरकवत गेले आणि पापुद्र्याच्या कडेजवळ दुसरीच रेघ दिसली. ती पेशींच्या सीमांना जुमानत नव्हती, एक पेशी, दुसरी, तिसरी, सरळ आरपार ओलांडत गेलेली. रुंदी सगळीकडे सारखी, इतकी बारीक की एका पेशीच्या रुंदीत असे सात-आठ धागे शेजारीशेजारी मावतील. फाईन फोकस किंचित पुढे-मागे केला की दोन समांतर भिंती स्पष्ट व्हायच्या, त्यावर हलकी हिरवट चमक यायची आणि आत बांबूच्या पेरांसारखे आडवे पडदे दिसायचे. थोडं पुढे तिला फांदी फुटली होती आणि फांदीची जाडीसुद्धा तेवढीच. एका जागी धागा तुटून चौकोनी तुकड्यांची माळ झालेली, ते आर्थ्रोकोनिडिया. कापसाचा तंतू यात कधी बसत नाही, तो फारच जाड असतो, पिळलेला असतो, पडदे नसतात आणि पेशींच्या वर किंवा खाली वेगळ्याच फोकसला दिसतो. हायफी, म्हणजे हे बुरशीचे धागे, मात्र पेशींच्याच पातळीवर मिळतात, कारण त्या कोंड्याच्या आत वाढलेल्या असतात.

एकदा तो धागा बघितला की बाकीचे भराभर सापडायला लागले, तीन-चार फील्डमध्ये भरपूर. स्टेरॉईड लावलेल्या चट्ट्यात असं बऱ्याचदा होतं, वरून कमी दिसतं आणि स्लाईडवर बुरशीची रेलचेल.

रिपोर्टमध्ये एवढंच लिहिलं की पडदे असलेल्या, फांद्या फुटलेल्या हायफी दिसल्या. कुठली जात ते लिहिलं नाही, ते केओएचवरून सांगताच येत नाही, त्यासाठी उरलेला कोंडा साबुरो अगारवर बुरशी वाढवून बघायला म्हणजे कल्चरला पाठवला आणि त्याला काही आठवडे लागतात. स्लाईड निगेटिव्ह आली असती तरी आम्ही "बुरशी नाही" असं लिहिलं नसतं, "या सॅम्पलमध्ये दिसली नाही" एवढंच, आणि दुसऱ्या कडेवरून परत घेतलं असतं, कारण आधी बुरशीचं औषध लावलेल्या पेशंटमध्ये धागे कमी सापडू शकतात. काकूंना ती ट्यूब बंद करायला सांगितली, गोळ्या सुरू झाल्या आणि घरात अजून कुणाला खाज आहे का विचारल्यावर कळलं की काकांनाही जांघेत आहे, तर त्यांनाही बोलावून घेतलं.