२४ व्होल्टची जोडी: उकळणारी बॅटरी चांगली निघाली, गार असलेली गेलेली

जुन्या ट्रकच्या कामाचा पुढचा टप्पा. मागे इंजिनचं उरकलं, आता इलेक्ट्रिकल. तक्रार अशी की सकाळी सेल्फ रडत रडत फिरतो, एकदा गाडी चालू झाली की दिवसभर ठीक, आणि जोडीतल्या एका बॅटरीचं पाणी सारखं कमी होतं, दुसरीचं अजिबात नाही. हे बघून जो तो म्हणतो की पाणी पिणारी बॅटरी गेली, ती बदल. मी बदलली नाही, आधी दोन्ही वेगळ्या करून तपासल्या, आणि उलटंच निघालं.

आधी जोडणी सांगतो म्हणजे पुढचं कळेल. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. जिचा मायनस चेसिसला जातो ती दोन नंबर, जिचा प्लस सेल्फकडे जातो ती एक नंबर, मधे एक जाड लिंक केबल. खडूने दोघींवर नंबर टाकून ठेवले कारण बाहेर काढल्यावर सारख्याच दिसतात. पाणी संपत होतं एक नंबरचं.

रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी मीटर लावला. दोन्ही मिळून २३.३ व्होल्ट. आता एवढाच आकडा बघितला तर वाटतं दोन्ही निम्म्याहून जास्त उतरल्यात, चार्जिंगला लावा की झालं. इथेच बरेच जण फसतात, कारण २३.३ म्हणजे ११.६५ अधिक ११.६५ असंच असेल असं कुणी सांगितलंय? वेगवेगळं मोजलं तर एक नंबर १२.६ आणि दोन नंबर १०.७. म्हणजे एक जवळजवळ भरलेली आणि दुसरीत बरोबर एका सेलचे दोन व्होल्ट गायब. नुसती उतरलेली बॅटरी पण १०.७ दाखवू शकते, म्हणून लगेच निकाल लावला नाही, पण संशय पक्का झाला.

मग मदतीला एकाला केबिनमध्ये बसवलं आणि सेल्फ मारताना एकेका बॅटरीवर मीटर धरला. एक नंबर १०.७ ला जाऊन थांबली, दोन नंबर सरळ ७.९. करंट दोघींमधून तोच जातो, त्यामुळे ही तुलना अगदी सरळ असते, वेगळं गणित लागत नाही. लिंक केबलच्या दोन टोकांवरही मोजून घ्या, लग जळका किंवा सैल असेल तर तिथेच अर्धा व्होल्ट खाल्ला जातो आणि दोष उगाच बॅटरीवर येतो. माझ्याकडे तिथे ०.१ होतं, म्हणजे केबल ठीक.

खरी मजा इंजिन चालू केल्यावर. अल्टरनेटर २८.० देत होता, एकदम बरोबर. पण वाटणी? एक नंबरवर १५.१, दोन नंबरवर १२.९. आता पाणी का संपतं ते उघड झालं. रेग्युलेटरला फक्त बेरीज दिसते, मधला सांधा त्याला दिसत नाही. दोन्ही बॅटऱ्यांचे मिळून १२ सेल, त्यातला एक आतून शॉर्ट होऊन जवळजवळ शून्यावर बसला की २८ व्होल्ट उरलेल्या ११ सेलमध्ये वाटले जातात, म्हणजे सेलमागे अडीचच्या वर. सहा सेल धडधाकट असलेल्या बॅटरीवर त्याचे १५ च्या वर होतात, तिला रोज ओव्हरचार्ज, ती उकळते, पाणी उडवते, प्लेटा झिजवून घेते. आणि जी गेलेली आहे ती गार, पाणी जागच्या जागी, वरून साळसूद.

हे नेहमीच असं होतं असं मात्र नाही. कमजोर बॅटरी शॉर्ट नसेल, नुसती सल्फेट होऊन कपॅसिटी गेलेली असेल, तर चार्जिंगला ती चटकन भरल्यासारखी दाखवते, तिचाच व्होल्टेज वर चढतो आणि चांगली बिचारी अर्धपोटी राहते. म्हणजे कोण उकळतंय यावरून दोषी ठरत नाही, दोन्ही प्रकार होतात. चार्जिंगची वाटणी आणि सेल्फच्या वेळचा ड्रॉप, दोन्ही एकत्र बघावं लागतं. जी सेल्फच्या वेळी कोसळते ती खराब, मग चार्जिंगला ती वर असो की खाली.

खात्रीसाठी बॅटऱ्या उतरवल्या. आधी चेसिसकडचा मायनस काढायचा, मग लिंक, मग प्लस. मायनस आधी काढला नाही तर प्लस सोडवताना पाना बॉडीला लागला की काय होतं ते वेगळं सांगायला नको. एक नंबरच्या प्लेटा उघड्या पडल्या होत्या, त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर आधी घातलं, बाकीची पातळी पूर्ण चार्ज झाल्यावर, नाहीतर चार्जिंगला आम्ल वर येऊन बाहेर सांडतं. लिंक काढलेलीच होती, दोघींना १२ व्होल्टच्या चार्जरवर एकेक करून लावलं.

दोन नंबर चार्जिंगला असताना झाकणं उघडून चष्मा लावून लांबूनच टॉर्चने आत बघितलं. पाच सेलमध्ये बारीक बुडबुडे चाललेले, प्लसकडून तिसऱ्यात काहीच नाही, पाणी स्थिर आणि तपकिरी गढूळ. हायड्रोमीटरने आम्लाची घनता बघितली तर पाच सेल १.२४ च्या आसपास, तिसरा १.११. सेलमध्ये ०.०५ चा फरक पडला तरी बॅटरीवरचा विश्वास संपतो, इथे तर दुपटीहून जास्त. प्लेटांचा मसाला झडून तळाला गाळ साचतो आणि तोच प्लेटांना आपसात जोडतो, गढूळपणा त्याचाच असावा. चार्जरवरून काढल्यावर संध्याकाळी ती १२.४ दाखवत होती, सकाळी परत १०.७. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, चार्जरवरून उतरवल्या उतरवल्या घेतलेला आकडा काहीही सांगत नाही, रात्र जाऊ द्यावी.

एक नंबर रात्रीनंतर १२.७, सगळे सेल १.२६ ते १.२७ मध्ये. तिला लोड टेस्टर लावला, लेबलवरच्या सीसीएच्या, म्हणजे थंडीत सेल्फला देता येणाऱ्या करंटच्या, निम्मा लोड १५ सेकंद. ९.६ च्या खाली जायला नको, ती १०.१ वर राहिली. एवढा मार खाऊनही पास!

मग एकच नवी घ्यायची की जोडी? दोन्ही एकाच वेळी बसवलेल्या होत्या, आणि एक नंबरने किती दिवस १५ व्होल्ट सोसलेत कुणास ठाऊक. नव्या कपॅसिटीच्या शेजारी झिजलेली लावली की आज ना उद्या वाटणी परत बिघडते. जोडी अगदी नवी असती तर एकच बदलली असती, पण इथे दोन्ही बदलल्या, एकाच एएचच्या, एकाच बॅचच्या.

बसवायच्या आधी दोघींना वेगवेगळं पूर्ण चार्ज केलं, म्हणजे सुरुवात तरी बरोबरीने. आता चालू इंजिनवर १४.०५ आणि १३.९५, सेल्फ मारताना १०.९ आणि १०.८. पट्कन लागतो.

एक गोष्ट राहिलीच. मधल्या सांध्यावरून कुणीतरी रेडिओ आणि केबिनचा दिवा १२ व्होल्टवर जोडलेला होता. तो लोड एकट्या दोन नंबरमधून जायचा आणि अल्टरनेटरला ते वेगळं भरून देता येत नाही, त्यामुळे ती कायम थोडी उपाशी असणार. सेल त्यामुळेच गेला असं छातीठोक नाही सांगणार, पण ती वायर तिथे ठेवणार पण नाही. काढली, आणि दोन्ही टोकांवरून २४ चं १२ करणारा कन्व्हर्टर बसवतोय, फ्यूज बॅटरीच्या जवळ. तोवर रेडिओ बंद. मधल्या सांध्याचं रीडिंग महिन्यातून एकदा घेऊन दोघींतला फरक ०.२ च्या वर जातो का ते लिहून ठेवणार आहे, पुढच्या अपडेटमध्ये ते आकडे टाकतो.