नकार द्यावा, पण तारखेसह

‘विक्री प्रतिनिधींच्या लिंक्डइनवरच्या विनंत्या तुम्ही स्वीकारत नाही, मग पुढे गरज पडली की तीच माणसं तुमच्याशी चांगलं कसं बोलतात?’

कळंगुटच्या एका हॉटेलची खरेदी मी पाहतो, त्यामुळे हंगामात अशा विनंत्या सतत येतात. विनंती स्वीकारली की तो प्रतिनिधी माझ्या संपर्कातला होतो आणि सेटिंग बदललेली नसेल तर माझ्या संपर्कांची यादीही त्याला दिसते. त्या यादीत आमचे सध्याचे पुरवठादार असतात. त्यांच्याशी चाललेला व्यवहार तिसऱ्यासमोर उघडा करणे मला योग्य वाटत नाही.

मात्र उत्तर न देता सोडून देणेही मला पटत नाही. विनंतीसोबत चिठ्ठी असेल, तर ती न स्वीकारताही तिला उत्तर लिहिता येते. आधी उत्तर पाठवावे आणि मगच ‘Ignore’ दाबावे. ते दाबल्याची सूचना समोरच्याला जात नाही. त्यानंतर ‘ओळखत नाही’ असा पर्याय दिसतो, तो मी टाळतो, कारण तो निवडला की त्या व्यक्तीला आपल्याला पुन्हा विनंती पाठवता येत नाही, आणि दार उघडे ठेवायचे तर तेच नको असते.

डिसेंबरात लाँड्रीची रसायने विकणाऱ्या पुण्याच्या एका प्रतिनिधीने लिहिले होते. त्यांना मी असे उत्तर दिले: ‘नमस्कार. आपण आवर्जून लिहिलेत, आभारी आहे. ज्यांच्याशी प्रत्यक्ष व्यवहार आहे त्यांनाच मी येथे जोडून घेतो, म्हणून विनंती स्वीकारत नाही. आमचा सध्याचा दरकरार ३१ मार्चपर्यंत आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात खरेदी विभागाच्या ईमेलवर दरपत्रक पाठवावे. आमच्या विहिरीच्या पाण्यात लोह आहे, तेव्हा त्या पाण्यात चाचणी घेण्याची तयारी असेल तर तसे कळवावे. तोपर्यंत फोन करू नये, ही विनंती.’

यातले लोहाचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. लोह असलेल्या पाण्यात क्लोरीनयुक्त ब्लीच वापरले की पांढऱ्या चादरींवर पिवळट-तपकिरी डाग धरतात, आणि ही अडचण आधी कळली तर प्रतिनिधी छापील माहितीपत्रकाऐवजी कामाचा प्रस्ताव घेऊन येतो. या प्रतिनिधीने फेब्रुवारीत दरपत्रकासोबत क्लोरीनविरहित ब्लीचचा नमुना पाठवला, आणि आम्ही तो उशांच्या अभ्र्यांवर वापरून पाहिला.

‘नंतर बघू’ असे मात्र मी कधीच लिहीत नाही. विक्री करणाऱ्याच्या वहीत त्याची नोंद ‘पुन्हा फोन करणे’ अशी होते, आणि दर आठवड्याला फोन आला की दोन्ही बाजूंची चिडचिड वाढते. ज्या वस्तूची आम्हाला गरजच पडणार नाही, तिच्यासाठी तारीखही देत नाही. तिथे स्पष्ट नकार आणि आभार एवढेच लिहितो, कारण खोट्या आशेवर त्या माणसाचे महिने जातात.